नोटिशीच्या फोटोवरून केलेला सारांश तपासताना

"सारांशातली प्रत्येक ओळ फोटोत सापडली की झालं तपासून."

अर्धंच झालं, कारण गाळलेला शब्द सारांशात नसतोच, मग तिथून तो सापडणार कसा. आमच्या बार्देशातल्या वाड्यावर बोर्डावरच्या पाण्याच्या नोटिशीत होतं 'शनिवार वगळता रोज सकाळी ६ ते ९, दाब कमी राहण्याची शक्यता', आणि मी ग्रुपवर टाकलं 'रोज ६ ते १, दाब कमी राहणार'. शनिवारी सगळे बादल्या घेऊन माझ्या नावाने बोंबलत होते! आता उलटा फेरा मारतो, फोटोत फक्त नाही, नये, वगळता, शक्यता हेच शब्द बोटाने शोधायचे आणि प्रत्येक शब्द सारांशात कुठे गेला ते बघायचं. आकडे मात्र झूम करूनच, हललेल्या फोटोत ९ चा १ सहज होतो, आणि तरी कळलं नाही तर परत बोर्डापर्यंत चालत जायचं, अंदाजाने भरायचं नाही.