मदत हवी आहे: प्रोव्हिजनल डिग्री सर्टिफिकेट अर्जंट हवंय, परीक्षा विभागाला अर्ज कसा करू?

बीई मेकॅनिकल, फायनल इयर पास. जर्मनीत मास्टर्सचा फॉर्म १५ जुलैपर्यंत जायलाच हवा, म्हणजे हातात ११ दिवस. ऑनलाइन अर्ज आणि फी भरून झालीय, पावती आहे, पण स्टेटस 'पेंडिंग'च. काल विंडोवर गेले तर कळलं की सहाव्या सेमचा एक विषय मी रीव्हॅल्युएशनमध्ये पास झालेय, सुधारित मार्कशीटही हातात आहे, पण लेजरमध्ये अजून जुनाच 'एफ' दिसतोय म्हणून फाइल अडकलीय. क्लार्क म्हणाले संचालकांच्या नावाने लेखी अर्ज द्या. आता हेच पद कंट्रोलरचं ना?

अर्जाला सुधारित मार्कशीट, फीची पावती, अ‍ॅडमिशन पोर्टलवरचा डेडलाइनचा प्रिंट आणि प्रिन्सिपलचं शिफारसपत्र जोडतेय. आवक-जावकचा शिक्का मारून पोच घेणार. मी नाशिकला, युनिव्हर्सिटी दुसऱ्या शहरात, रोज जाणं जमणार नाही.

लेजर दुरुस्ती आणि सर्टिफिकेट दोन्ही एकाच अर्जात मागू की वेगवेगळे अर्ज देऊ? ऑथॉरिटी लेटर देऊन भावाला सर्टिफिकेट मिळेल का? आणि नाहीच झालं वेळेत तर 'सर्व परीक्षा उत्तीर्ण, पदवी प्रदान होणे बाकी' असं सही-शिक्क्याचं पत्र परीक्षा विभागाकडून कुणी मिळवलंय का, मिळवलं असेल तर नेमकं कुणाच्या सहीने?