मदत हवी आहे: मिनिट्समध्ये चुकून 'मंजूर' लिहिलं गेलंय

सोलापुरात टॉवेलच्या धंद्यात आमचं ५०:५० जॉइंट व्हेंचर आहे, स्टिअरिंग कमिटीचे मिनिट्स मी लिहितो. मागच्या मीटिंगला ४२ लाखांच्या लूमवर सगळे हो म्हणाले आणि मी सरळ 'मंजूर' लिहिलं. पण करारात बजेटबाहेरचा २५ लाखांवरचा खर्च दोन्ही पार्टनरांच्या लेखी संमतीसाठी राखीव आहे, कमिटी फक्त शिफारस करू शकते. करार दोनदा वाचला, मिनिट्स दुरुस्त कसे करायचे ते त्यात कुठेच नाही. ड्राफ्ट सगळ्यांना मेल झालाय, सह्या बाकी आहेत, लूमचा अ‍ॅडव्हान्स मी थांबवलाय. समोरचे म्हणतात आमचा माणूस मीटिंगला होता ना, तीच संमती धरा, मला हे अजिबात पटत नाही. आता ड्राफ्टमध्येच 'शिफारस, दोन्ही पार्टनरांच्या लेखी संमतीच्या अधीन' असं बदलून परत पाठवू, की पुढच्या मीटिंगला दुरुस्तीची वेगळी नोंद घेऊ?