"एक पत्र लिहून द्या" म्हणतात, तेव्हा तुम्ही काय विचारता?

गावात चार अक्षरं नीट लिहिणाऱ्याकडे लोक येतात. कोणाला, कशासाठी, काही सांगत नाहीत. फार प्रश्न विचारले तर माणूस बुजतो. मोजकेच विचारायचे तर कोणते? अनुभव लिहा.

बांधावरचा
तहसीलबाहेर अर्ज लिहिण्यात उमेद गेली. मी "कोणाला लिहायचं?" असं विचारतच नाही, कारण उत्तर ठरलेलं: "सायबाला." त्याऐवजी विचारतो, "हे वाचून त्यांनी काय करायला हवं?" आणि "आजवरचे कागद आणलेत का?"
एक आजी आल्या, "नाव चुकलंय, पत्र द्या." कागद कोणता? सातबारा. नाव काय व्हायला हवं? सखुबाईचं सकुबाई झालंय, ते नीट. मग तिसरा प्रश्न, "जुन्या हाती सातबाऱ्यावर बरोबर होतं का?" होतं, आणि फेरफारातही बरोबर होतं. म्हणजे चूक संगणकावर उतरवताना झालेली. अर्ज तहसीलदारांना, जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली, जुना उतारा जोडून. पत्र कोणाला जाणार हे त्या तिसऱ्या उत्तराने ठरलं.

सुपारी_कात्री
एवढं कशाला? सातबाऱ्याचं असेल तर तलाठ्याला द्यायचं, तो करून देतो.

बांधावरचा
तलाठी अर्ज घेईल, अहवालही देईल, पण १५५ चा आदेश तहसीलदारांचा. आणि फेरफाराच्या निर्णयावरच हरकत असेल तर ती लेखनाची चूक नव्हे, प्रांतांकडे अपील करावं लागतं.

मंजिरी_ठाणे
मी सोसायटीची सेक्रेटरी होते. लोक म्हणायचे, "कडक लिहा." सूर विचारला की प्रत्येकाला कडकच हवा असतो! म्हणून मी विचारायचे, "या माणसाशी उद्या परत काम पडणार आहे का?" वरच्या मजल्यावरून गळती होत असेल तर प्लंबर त्यांच्याच घरात शिरणार, तेव्हा पहिलं पत्र विनंतीचंच. तारीख घालायची, पोच घ्यायची. कडक पत्र त्यानंतर.

अण्णा६२
मलाही पत्र हवंय. पेन्शनचं. कोणी लिहून देईल का?

मंजिरी_ठाणे
अण्णा, पेन्शन थांबलीय, कमी येतेय, की हयातीचा दाखला द्यायचा राहिलाय?

अण्णा६२
दाखला नोव्हेंबरात दिला. जमा होत नाही.

बांधावरचा
दाखल्याची पोच आहे का? आणि तो बँकेत दिलात की कोषागारात? तेवढं सांगा, मग लिहू.

रानभूल
माझी पद्धत उलटी आहे. काहीच न विचारता अंदाजाने चार ओळी लिहितो आणि वाचून दाखवतो. "नाही हो, तसं नाही!" म्हणून माणूस जे सांगतो तेच खरं पत्र. विचारून एवढं निघत नाही.

बांधावरचा
घरगुती पत्राला चालेल. माझ्याकडे वाचून दाखवलं की लोक मान डोलावतात आणि अंगठा उठवून मोकळे होतात.

रानभूल
आमच्याकडे डोलावत नाहीत, भांडतात. कदाचित तुमच्या टेबलामुळे असेल.