एकच चेहरा, पाच कट: फोटो शेजारी ठेवल्यावर काय दिसलं? (अनुभव धागा)

फोंड्याची

डिसेंबरात भाचीचं लग्न आहे, म्हणून आत्ताच केसांचं ठरवायला बसले. चार वर्षांत पाच प्रकार करून झालेत: लांब शेपटा, खांद्यापर्यंत सरळ कापलेले, हनुवटीपाशी संपणारा बॉब, गळ्याच्या हाडाखाली येणारे लेयर्स आणि त्याच लेयर्सवर पुढे कपाळावर बट. चेहरा गोल, गाल भरलेले, केस पावसात आपोआप कुरळणारे. पाचही फोटो मोबाइलवर शेजारी लावले तर बॉब सगळ्यांत छान दिसतो. पण बॉब असताना रोज सकाळी आरशासमोर चिडचिड व्हायची, हेही पक्कं आठवतंय. मग फोटो खोटा की आठवण? तुम्ही कुणी असे आपलेच फोटो ताडून पाहिलेत का? अनुभव सांगा.

चोडणकरीण

बॉबचं माहीत नाही, पण कपाळावरच्या बटेचं माझ्याकडून ऐक. मी रोज चोडणहून फेरीने रायबंदरला उतरते आणि पुढे स्कूटर. पार्लरमधून निघताना काढलेल्या फोटोत मी कॉलेजातली वाटते. तीच बट दुसऱ्या दिवशी फेरीवर वाऱ्याने उभी, हेल्मेट काढलं की घामाने चिकटलेली आणि मधोमध फाकलेली. माझ्या कपाळाच्या कडेला भोवरा आहे, तिथले केस उलटेच वळतात. बट डोळ्यांत यायला लागली की तीन-चार आठवड्यांत कापायला जावंच लागतं. दोनदा घरीच कापली, त्याचे फोटो ठेवलेले नाहीत.

मापपट्टी

यात भावना कशाला आणायच्या? माप घ्या. कपाळापासून हनुवटीपर्यंत लांबी आणि गालांच्या हाडांवर रुंदी. दोन्ही जवळजवळ सारखी आली तर चेहरा गोल. गोल चेहऱ्याला आखूड केस कधीच शोभत नाहीत. मी बायकोच्या सेल्फीवर स्क्रीनवरच मोजलं, तिचा लांबट निघाला. तिला पटत नाही, ती गोलच म्हणते.

म्हापश्याची पार्लरवाली

२२ वर्षं कात्री चालवतेय, म्हणून बोलते. मापपट्टीदादा, वहिनी बरोबर आहेत. सेल्फीत मोबाइल हातभर अंतरावर असतो. इतक्या जवळून नाक मोठं दिसतं, गाल आणि कान मागे पडतात, चेहरा अरुंद वाटतो. माप घेणं चांगलं, पण टेपने, चेहऱ्यावर.

फोंड्याच्या ताई, तुमचा बॉबचा फोटो सेल्फी आहे ना? आणि पार्लरमधून निघाल्या निघाल्या काढलेला? मग त्यात दोन मदतनीस आहेत: जवळचा कॅमेरा आणि ब्लो-ड्राय. ते बाजूला काढल्याशिवाय कट कळणार नाही. माझ्याकडे येणाऱ्यांना मी एवढंच सांगते: केस धुतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, नेहमीसारखा भांग पाडून, दीड-दोन मीटरवरून दुसऱ्या कुणाला फोटो काढायला लावा. एक समोरून, एक बाजूने. खिडकीकडे तोंड करून, डोक्यावर दिवा नको.

आणि आखूड केस शोभत नाहीत असं नाही. केसांची कड कुठे संपते ते बघायचं. गाल जिथे सगळ्यांत रुंद, तिथे किंवा हनुवटीच्या रेषेवर केस संपून फुगले तर रुंदीत भर पडते. तेच केस कानाजवळ बसके आणि टाळूवर उंच ठेवले तर गोल चेहराही लांबट दिसतो.

डिचोलीचे अण्णा

माझा चेहरा चौकोनी, तीस वर्षं एकच कट, दर तीन आठवड्यांनी न्हाव्याकडे. फोटो पासपोर्टचा एकच आहे. टाळूवर टक्कल पडत चाललंय, बाजूचे केस वाढवून वर आणावेत का? सौ. नको म्हणते.

म्हापश्याची पार्लरवाली

सौ.चं ऐका अण्णा. बाजू बारीक ठेवल्या की टक्कल उलट कमी डोळ्यांत भरतं.

फोंड्याची

अण्णा, धागा माझ्या केसांचा होता! असो.

पार्लरवाल्या ताईंचं वाचून जुने फोटो उपसले. कापलेले केस परत आणून फोटो काढता येत नाहीत, म्हणून दुसऱ्यांनी लांबून काढलेले, मला न सांगता काढलेले शोधले. बॉबचे तीन मिळाले. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या ग्रुप फोटोत माझा चेहरा परातीएवढा! चवथीला आरतीच्या वेळचा एक आहे. त्यात बॉब खाली फुगून त्रिकोण झालाय, गाल संपतात तिथेच केस बाहेर वळलेत. तिसरा मार्चमधला, कापून दहा दिवस झालेले, त्यात ठीक.

लेयर्सचा एक फोटो बहिणीने अंगणात काढलेला. तेलकट केस, भांग एका बाजूला, काहीही सजावट नाही. खरं सांगू? तो बरा आहे. सेल्फीतले लेयर्स मात्र मला कधीच आवडले नव्हते.

म्हापश्याची पार्लरवाली

ग्रुप फोटोत तुम्ही कडेला उभ्या आहात का? असाल तर तो सोडून द्या. मोबाइल सगळ्यांना फ्रेममध्ये घ्यायला रुंद करतो, तेव्हा कडेची माणसं आडवी ताणली जातात. आरतीचा फोटो खरा धरा, कारण पावसाळा आपल्याकडे चार महिने असतो.

सेल्फीतले लेयर्स न आवडण्याचं कारण बहुतेक भांग. पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो बऱ्याच मोबाइलमध्ये आरशासारखा उलटा साठवला जातो. तुमचा डावा भांग त्यात उजवा वाटतो. एक फोटो उलटा आणि एक सुलटा अशी तुलना करू नका.

मार्च आणि चवथीतला फरक नुसत्या पावसाचा नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. बॉबची कड दोन महिन्यांत हनुवटीखाली सरकते, आकार मोडतो, म्हणून सहा-आठ आठवड्यांनी यावं लागतं. लेयर्स तीन महिने सहज निघतात. आणि तुमच्यासारखे केस ओले असताना मापाने कापले तर वाळल्यावर दोन-तीन सेंटिमीटर वर चढतात. हनुवटीखाली मागितलेला बॉब गालावर बसतो तो असा.

मापपट्टी

टेपने मोजलं. गोल निघाला. वहिनींना सांगू नका.

चोडणकरीण

पण लग्नाचं काय? आमच्याकडे अंबाडा घालून जायांची फाती माळल्याशिवाय लग्न वाटत नाही. लेयर्सच्या आखूड बटा अंबाड्यातून सुटून मानेवर येतात, माझ्या जावेला वीसेक काटे लावले होते.

फोंड्याची

हेच अडतंय गो. सगळ्यांत आखूड लेयर हनुवटीखाली ठेवून आत्ता कापले तर डिसेंबरपर्यंत अंबाड्यात येतील का, हे ताईंना विचारायचं होतं. शेपट्याचा फोटो मी आता मुद्दामच बाजूला ठेवलाय, तो पाहून आई रडेल. बॉब मात्र अजून मनातून जात नाही. मार्चमधल्या त्या फोटोत मी हसतेय, तेवढ्याने तो आवडतोय का, कळत नाही.

म्हापश्याची पार्लरवाली

येतील, जर आत्ता गळ्याच्या हाडाखाली असतील तर. पण नोव्हेंबरात एकदा अंबाडा घालून बघा, आणि त्याचाही फोटो मागून काढून ठेवा. बॉब हवाच असेल तर लग्न झाल्यावर जानेवारीत या, हवा कोरडी असते. कोरड्या केसांवर कापू.