प्रतिसाद: डाळ मिलच्या विजेचं बिल कुठल्या रकान्यात?

"लातूरला डाळ मिलमध्ये आहे. उत्पादन विभागाच्या बजेटमध्ये वीजबिल स्थिर खर्चात धरू की बदलत्या?"

दोन्हीत, फोडून. बिलावरचा डिमांड चार्ज स्थिर आणि युनिटचा आकार बदलता, एवढ्यावर थांबू नका. ऑफिसचे दिवे-पंखे, आवारातले बल्ब युनिटच जाळतात, पण तूर कितीही भरडा, ते तेवढेच.

वर्षातला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी उत्पादनाचा महिना घ्या. निवड उत्पादनावरून करायची, बिलावरून नाही. समजा, 900 क्विंटलला 1,10,000 रुपये आणि 400 क्विंटलला 70,000. फरक 500 क्विंटलला 40,000, म्हणजे क्विंटलमागे 80 रुपये बदलता खर्च. 900 चे 72,000 वजा केले की 38,000 स्थिर उरतात. मग 600 क्विंटलच्या महिन्याला 86,000 यायला हवेत. खरं बिल बरंच लांब असेल तर निवडलेला एखादा महिना बिघडलेला आहे.

माझं असंच फसलं होतं. दुरुस्तीला मिल बंद होती तोच महिना मी 'कमी' म्हणून धरला, आणि हंगामातलं बजेट कोलमडलं. शिवाय रीडिंगची तारीख महिनाअखेरीची नसते. उत्पादनही त्याच तारखांचं मोजा. दुसरी शिफ्ट सुरू करून मंजूर भार वाढवलात, तर 38,000 चा आकडा नव्याने काढावा लागेल.