मदत हवी आहे : एकाच क्लिपमध्ये आठ ते पंचाहत्तर वयाचा चेहरा

बेळगावच्या शहापूर भागातील विणकर बाईवर मी ब्लेंडरमध्ये २० सेकंदांची, २४ फ्रेमच्या गतीची, कुठेही कट नसलेली क्लिप करत आहे. मागापाशी कांडी भरणारी आठ वर्षांची मुलगी त्याच जागी बसल्या बसल्या पंचाहत्तर वर्षांची होते.

एकाच मेशवर ८, २०, ४०, ६० आणि ७५ या वयांच्या शेप की केल्या आहेत. मान वळणे हाडांवर ठेवले आहे, कारण शेप कीमध्ये बिंदू सरळ रेषेत सरकतात आणि वळताना गाल आत बसतो. सुरकुत्या नॉर्मल मॅपने हळूहळू येतात. ओळख टिकावी म्हणून डाव्या भुवईतील खंड, हनुवटीवरचा तीळ आणि कांडी भरताना मान कलती करण्याची लकब सर्व वयांत कायम ठेवली आहे.

चाळिशीनंतरचा भाग पटतो. अडचण ८ ते २० मध्ये आहे : जबडा आणि नाक वाढू लागताच, सुमारे ७० ते १२० फ्रेमच्या दरम्यान, मुलगी दुसरीच कुणी वाटते. दर दहाव्या फ्रेमचे चित्र शेजारी मांडून पाहिले, तेव्हा तीळ जागेवर असूनही डोळ्यांची ठेवण बदललेली दिसली. डोळे मुळीच न बदलता ठेवले, तर वीस वर्षांची बाई बाहुलीसारखी दिसते.

कट किंवा डिझॉल्व्ह वापरायचा नाही. अशा वेळी डोळ्यांचा आकार आणि कोपऱ्यांचा कल स्थिर ठेवून फक्त त्यांच्यातील अंतर वाढवावे, की जबड्याची वाढ नाकाच्या नंतर, वेगळ्या शेप कीने आणावी?