मदत हवी आहे: जर्मन बाई 'हाय' लिहितात, मालक म्हणतात 'रिस्पेक्टेड मॅडम'च लिही

ऋतुजा_शिरोली

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या निर्यात विभागात मी दीड वर्षापासून आहे. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक कुरकुरणारा प्रिंटर. जर्मनीच्या एका पंप कंपनीला आम्ही हाउसिंगची कास्टिंग पाठवतो. तिथल्या खरेदीवाल्या बाईंचं नाव आपण आना वेबर धरू, खरं नाव देत नाही.

पहिला मेल मी शाळेत शिकवलं तसा पाठवला, 'रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम'. उत्तर आलं 'डिअर मिस पाटील'. दोन मेल झाल्यावर त्या 'हाय ऋतुजा' वर आल्या आणि खाली नुसतं 'आना'. मी मात्र आजपर्यंत 'डिअर मॅडम'च लिहीत आलेय, कारण मालक मागून स्क्रीन बघतात.

आता खरी अडचण. परवाच्या 600 नगांपैकी 11 नगांत मशिनिंग करताना ब्लोहोल, म्हणजे धातूच्या आत वायूच्या पोकळ्या, निघाल्यात. त्यांचा तक्रारीचा मेल आलाय. सुरुवात 'डिअर ऋतुजा', खाली पूर्ण नाव, सीसीमध्ये त्यांच्याकडची आणखी दोन माणसं. उद्या दुपारपर्यंत उत्तर द्यायचंय. मालक म्हणतात, चूक आपली आहे, हात जोडूनच लिहायचं, 'रिस्पेक्टेड मॅडम'. प्रॉडक्शनचे मॅनेजर म्हणतात, ती हाय म्हणते तर तूही हाय म्हण, विषय संपला. काय लिहू? आणि हे 'डिअर सर' चं 'हाय' नक्की झालं कधी?

मिसळ_तिखट

सोपं आहे ताई. हे व्हॉट्सॲपमुळं झालं. मोबाईल हातात आला आणि सगळं हाय-बाय झालं, अमेरिकेतून आलेलं खूळ. मी पुण्यात आयटीत आहे, आमच्यात सीईओलाही हायच. पण जर्मन लोक वेगळे, लई कडक. त्यांना नेहमी आडनावानंच हाक मारायची आणि डॉक्टर असेल तर डॉक्टर लावायचंच. 'डिअर मिसेस वेबर' लिहा, डोळे झाकून.

रंकाळाकाठ

भावा, अर्धं बरोबर आहे तुझं. व्हॉट्सॲप आलं 2009 साली. त्याच्या कितीतरी आधी मला परदेशातून 'हाय' चे मेल यायचे. मी उद्यमनगरात आणि नंतर गोकुळ शिरगावला मिळून 34 वर्षं निर्यातीची कागदपत्रं केली. टाइपरायटरपासून मेलपर्यंत सगळं या बोटांखालून गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऋतुजा, पत्राच्या काळात आपण माणसाला लिहीत नव्हतो, कंपनीला लिहीत होतो. पाकीट तिकडं कोण फोडणार, हे माहीत नसायचं. म्हणून 'डिअर सर', कंपनीला असेल तर 'डिअर सर्स'. अमेरिकेला 'जंटलमेन' लिहायचो. त्याची खाली जोडी ठरलेली असायची. वर 'डिअर सर' तर खाली 'युअर्स फेथफुली', वर नाव घातलं तर खाली 'युअर्स सिन्सिअरली'. जोडी चुकली की आमचे साहेब पत्र फाडायचे. पत्र जाऊन उत्तर यायला तीन आठवडे, त्यामुळं दोन ओळी मायन्यात गेल्या तर कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग टेलेक्स आला, म्हणजे इथं टाइप केलेला मजकूर तारेवरून तिकडच्या यंत्रावर उमटायचा. तिथं मिनिटावर पैसे. मायना पहिल्या दिवशीच गळाला. सुरुवातीला 'अटेन्शन' ची चार अक्षरं आणि माणसाचं नाव, शेवटी 'रिगार्ड्स' आखडून केलेली चार अक्षरं. तुमच्या मेलखालचं ते 'बेस्ट रिगार्ड्स' मी आधी टेलेक्सवरच बघितलं. त्यात कुणाला उद्धटपणा वाटत नव्हता, कारण पैसे वाचवतोय हे दोघांनाही कळायचं.

मेल आला तेव्हा त्याचा साचा पत्राचा नव्हताच. वर टू, फ्रॉम, सब्जेक्ट, सीसी बघ. हा ऑफिसातल्या मेमोचा साचा आहे, आणि मेमोला मायना नसतो. म्हणजे 'डिअर सर' ला ढकलून 'हाय' खुर्चीवर बसला असं नाही. मधे खुर्ची रिकामीच होती. नुसतं मुद्द्यानं सुरू केलं तर तोडून बोलल्यासारखं वाटायचं आणि 'डिअर सर' लिहिलं तर सरकारी नोटीस. त्या दोन्हींच्या मधे काहीतरी छोटं हवं होतं, ते 'हाय' नं भरून काढलं.

अक्षरओळख

काकांच्या म्हणण्याला एक पुरावा जोडते. 1978 साली लिकलायडर आणि वेझा या दोन अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवरच्या निरोपांबद्दल लिहून ठेवलंय की तिथं वयानं आणि हुद्द्यानं मोठ्या माणसालाही थोडक्यात, टायपिंगच्या चुकांसकट लिहिलं तरी त्याला राग येत नाही. 1978! तेव्हा आपल्याकडे परगावी फोन लावायलाही बरेचदा ट्रंक कॉल बुक करून बसावं लागायचं.

मी जर्मन शिकवते आणि भाषांतरं करते. मिसळभाऊ म्हणतात तो कडकपणा खरा आहे, पण जर्मनमध्ये लिहिताना. तिथं 'झेर गेएर्टं फ्राउ वेबर' लिहितात, आणि डॉक्टरेट असेल तर फ्राउनंतर 'डॉक्टर' येतं. तीच बाई इंग्रजीत लिहायला लागली की बहुधा पहिल्या नावावर येते, कारण इंग्रजीत तिला 'तू' आणि 'आपण' निवडावंच लागत नाही. भाषा बदलली की पायरी बदलते. त्यामुळे जर्मन माणूस म्हणजे आडनाव, हा हिशेब इंग्रजी मेलला लागू नाही. शिवाय 'मिसेस' नकोच. लग्न झालंय की नाही हे आपल्याला ठाऊक नसतं, तिथं 'मिझ' लिहितात.

आणि 'रिस्पेक्टेड सर' हे आपलं देशी आहे बरं का. आपण 'आदरणीय महोदय' मनात म्हणतो आणि इंग्रजीत लिहितो. तिकडच्या वाचणाऱ्याला त्यात आदर दिसत नाही, थोडं विचित्र वाटतं इतकंच.

कागलकर

मला पण हाच प्रॉब्लेम आहे. तालुक्याच्या ऑफिसला फेरफाराबद्दल मेल करायचा आहे. हाय लिहू का नमस्कार? साहेब नवीन आलेत, तरुण आहेत.

रंकाळाकाठ

कागलकर, तुमचा विषय वेगळा आहे हो. तिथं मेल वाचून संपत नाही. प्रिंट निघते, आवक नंबर पडतो, फायलीला लागते. साहेब बदलले तरी कागद राहतो आणि पुढं तो कोण वाचेल सांगता येत नाही. म्हणजे पाकीट कोण फोडणार माहीत नाही, हीच जुनी स्थिती. तिथं 'प्रति', 'विषय', 'संदर्भ', 'महोदय' असंच लिहा. साहेब तरुण असले तरी फाईल म्हातारीच असते.

कागलकर

बरं. संदर्भात गट नंबर टाकू का?

अक्षरओळख

टाका, पण विषयातही टाका. आता ऋतुजाकडे वळूया का?

ऋतुजा, तुझ्या बाईंनी उत्तर दिलेलंच आहे, ते तू तुझ्या प्रश्नातच लिहिलंयस. आधी 'हाय ऋतुजा' आणि खाली 'आना'. तक्रारीच्या मेलला 'डिअर ऋतुजा' आणि खाली पूर्ण नाव. एक पायरी वर गेल्या. रागानं असेलच असं नाही, सीसीत दोन माणसं आहेत म्हणून असेल. हा मेल त्यांच्याकडे क्वालिटीवाले वाचणार, कदाचित पुढे जाणार. पण पहिलं नाव त्यांनी सोडलेलं नाही, 'डिअर मिस पाटील' वर परत गेल्या नाहीत. तू तिथेच उभी राहा, 'डिअर आना'. लोक 'डिअर' आणि 'हाय' एवढ्या दोनच खोल्या धरतात आणि ही मधली खोली विसरतात.

'डिअर मॅडम' मात्र आता थांबव. पाकीट कोण फोडणार माहीत नव्हतं तेव्हा ते शोभायचं. आता नाव पत्त्यातच असतं, खाली सहीत असतं. तरीही 'मॅडम' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं, हिनं माझं नावसुद्धा बघितलं नाही.

मिसळ_तिखट

पण काकू, त्या वर चढल्या म्हणून आपणही चढायचं? मी तर हायच ठेवला असता. अचानक डिअर आलं की समोरच्याला वाटतं, ही आता वकिलाला विचारून लिहायला लागली. आमच्या एका क्लायंटचं असंच झालेलं, दोन्हीकडून डिअर-डिअर वाढत गेलं आणि शेवटी कॉल घ्यावा लागला.

रंकाळाकाठ

हे मात्र खोडून काढता येत नाही. सगळं सुरळीत असताना हायवरून मागं फिरलात तर तो रुसवाच. पण इथं पहिली पायरी बाईंनी चढलीय, ऋतुजानं नाही. मी 'डिअर आना' च्या बाजूचा. तू म्हणतोस तसं 'हाय' लिहिलं तरी नातं तुटणार नाही, फक्त सीसीतल्या त्या दोघांना वाटेल की 11 नग गेले आणि यांना काही नाही त्याचं.

मालकांना काय सांगायचं, ते सांगतो. हात मायन्यात जोडायचे नाहीत, पहिल्या वाक्यात जोडायचे. तेही एकदाच. त्यानंतर लगेच काम: कोणत्या हीट नंबरचे, म्हणजे भट्टीतल्या कोणत्या ओताचे नग आहेत, त्याच हीटचे तुमच्या गोडाऊनला किती पडलेत, न्हावा शेवाहून निघालेल्या कंटेनरमध्ये किती आहेत, तिकडं तपासणी कोण करणार. गिऱ्हाईकाला पहिल्या दिवशी एवढंच हवं असतं. मूळ कारण नंतर 8डी रिपोर्टमध्ये जाईल, आणि त्या रिपोर्टला तर मायनाच नसतो. मायना कितीही गोड असला आणि हीट नंबर नसला तर तो मेल वाया.

ऋतुजा_शिरोली

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी पाठवला. शेवटी असा झाला, मराठीत सांगते:

'डिअर आना, 11 नगांबद्दल आम्हाला खेद आहे. हे सगळे एकाच हीटचे आहेत. त्या हीटचे 140 नग आमच्याकडं आहेत, ते आज बाजूला काढून ठेवले. 85 नग वाटेतल्या कंटेनरमध्ये आहेत, त्यांचे पेटी क्रमांक सोबत जोडले आहेत. ते तुमच्याकडं पोचल्यावर तपासायची व्यवस्था आमच्या खर्चानं करतो.' खाली 'बेस्ट रिगार्ड्स' आणि माझं पूर्ण नाव, कारण त्यांनीही पूर्ण लिहिलं होतं.

मालकांनी 'रिस्पेक्टेड' सोडलं, पण दोन ठिकाणी 'काइंडली' घातलंच. पेटी क्रमांक बघितल्यावर मात्र पुढं काही बोलले नाहीत.

आज सकाळी उत्तर आलं. त्यात डिअर नाही, हाय नाही, माझं नावसुद्धा नाही. एकच ओळ: थँक्स, यादी मिळाली, 8डी शुक्रवारपर्यंत मिळेल का? खाली नुसतं 'आना'. मालक आल्यापासून विचारताहेत, बाई चिडली काय गं?

रंकाळाकाठ

नुसतं 'आना' आलं म्हणतेस ना? मग नाही चिडली. हे टेलेक्ससारखं झालं बघ, कामाच्या गडबडीत दुसऱ्या-तिसऱ्या मेलला मायना गळतो. सीसीत ते दोघं अजून आहेत का, तेवढं बघ.

ऋतुजा_शिरोली

बघितलं काका. एकच उरलाय, क्वालिटीवाला.

मिसळ_तिखट

मग आता हाय?

अक्षरओळख

शुक्रवारच्या रिपोर्टसोबतचा मेल 'डिअर आना' नंच जाऊ दे. त्याच्या उत्तरात त्या काय लिहितात ते इथे सांग, मलाही बघायचंय.